लायसिनच्या टोकाला ॲस्परजिन

बारावी आणि नीटच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न हमखास असतो. डीएनएची एक साखळी छापलेली असते, तिच्या टोकांना 5′ आणि 3′ असे आकडे असतात, आणि विचारलेले असते की हिच्यावरून कोणता आरएनए तयार होईल, किंवा कोणती प्रथिनसाखळी. A समोर U, G समोर C हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही पाठ असते. तरीही उत्तर चुकते, आणि चुकते ते बहुधा त्या दोन आकड्यांपाशी. पुस्तकात हे आकडे असे छापतात, जणू ते डीएनएबरोबरच जन्माला आले. शर्करेच्या कार्बन अणूंचे क्रमांक म्हणून ते रसायनशास्त्रात आधीपासून होते, हे खरे. पण पेशी कोणत्या टोकाकडून वाचते हे कुणीतरी शोधून काढावे लागले. ते कुणी शोधले, याचे कुतूहल मला फार वर्षे आहे.

आधी एक प्रश्न सोडवून पाहू. टेम्प्लेट साखळी अशी छापली आहे:

```
5'-GTTTTTTTT-3'
```

घाईतला विद्यार्थी डावीकडून सुरुवात करतो, G खाली C, प्रत्येक T खाली A लिहितो आणि CAA AAA AAA असे वाचून ग्लुटामिन–लायसिन–लायसिन हे उत्तर देतो. जोड्या सगळ्या बरोबर आहेत, उत्तर चूक आहे. जोडीतल्या दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, त्यामुळे त्याने लिहिलेल्या आरएनएचे डावे टोक 3′ आहे. वाचन 5′ पासून सुरू होते, म्हणून साखळी उलटी धरायला हवी:

```
टेम्प्लेट  3'-TTT TTT TTG-5'
आरएनए     5'-AAA AAA AAC-3'
```

उत्तर: लायसिन–लायसिन–ॲस्परजिन. वेगळे अमिनो आम्ल साखळीच्या शेवटी येते, सुरुवातीला नाही. या एवढ्याशा फरकावर 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रयोगशाळेत अख्खा शोधनिबंध उभा राहिला. तिकडे वळण्याआधी दोन टप्पे भराभर ओलांडू.

पहिला टप्पा रेप्लिकेशनचा. साखळ्या उलटसुलट धावतात हे वॉटसन आणि क्रिक यांच्या 1953 च्या प्रतिमानात होतेच, पण प्रतिमान म्हणजे पुरावा नव्हे. 1961 मध्ये जॉसी, कायझर आणि कॉर्नबर्ग यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून नव्या डीएनएत कोणत्या अक्षराशेजारी कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजले. साखळ्या विरुद्ध दिशांनी असतील तर AG ही जोडी जितक्या वेळा येते तितक्याच वेळा CT यायला हवी. समांतर असतील तर AG ची बरोबरी TC शी व्हायला हवी. बरोबरी CT शी झाली.

दुसरा टप्पा ट्रान्स्क्रिप्शनचा: दोनपैकी कोणती साखळी आरएनएसाठी वापरली जाते? मार्मर आणि ग्रीनस्पॅन यांनी 1963 मध्ये एसपी8 हा जिवाणुभक्षी विषाणू निवडला, कारण त्याच्या दोन साखळ्यांची घनता वेगळी असल्याने त्या सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगळ्या करता येतात. विषाणूची लागण झालेल्या जिवाणूंतला आरएनए फक्त जड साखळीशी जुळला. मात्र हा निकाल त्या विषाणूचा आहे. लॅम्डा विषाणूत काही जनुके एका साखळीवरून वाचली जातात, काही दुसरीवरून. म्हणून ‘टेम्प्लेट कोणती’ हे न सांगता साखळी छापणारा प्रश्न मला अन्यायकारक वाटतो. ते केवळ अक्षरांकडे पाहून ठरवता येत नाही.

उरला तिसरा टप्पा, ट्रान्सलेशनचा, आणि माझे मन रमते ते इथे. 1961 मध्ये हॉवर्ड डिंट्झिस यांनी सशाच्या अपरिपक्व तांबड्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सर्गी ल्युसिन दिले आणि पूर्ण झालेल्या हिमोग्लोबिनमध्ये ते कुठे सापडते ते पाहिले. कार्बोक्सिल टोकाकडे ते सर्वांत जास्त होते. म्हणजे प्रथिन अमिनो टोकापासून वाढत जाते आणि कार्बोक्सिल टोक शेवटी जोडले जाते. प्रथिनाची दिशा अशी कळली, पण त्यासाठी रायबोसोम आरएनएवरून कोणत्या दिशेने चालतो हे कळले नाही.

सेवेरो ओचोआ यांच्या एन्झाइमने बनवलेले आरएनए इथे अपुरे पडत होते. ते एन्झाइम साचा न बघता अक्षरे जोडते, त्यामुळे आरएनएत कोणती अक्षरे किती प्रमाणात आहेत ते कळते, क्रम कळत नाही. हरगोविंद खोराना यांनी क्रम ठरवून आरएनए बनवले, पण त्यांतल्या सगळ्यात सोप्या आरएनएलाही दिशेबद्दल काही सांगता येत नाही. UCUCUC… पासून सेरीन आणि ल्युसिन आलटून पालटून येतात, कारण UCU म्हणजे सेरीन आणि CUC म्हणजे ल्युसिन. आता तोच आरएनए उलटा वाचा. पुन्हा UCU आणि CUC. ‘चिमा काय कामाची’ कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच, तसा हा प्रकार. दिशा ठरवायची तर असा संदेश हवा जो उलटा वाचला की वेगळा निकाल देईल. खोरानांचा UUAC चा पुनरावृत्त आरएनए तसा आहे. सरळ वाचल्यास ल्युसिन–ल्युसिन–थ्रिओनीन–टायरोसिन मिळते, आणि हीच अक्षरे उलट्या क्रमाने मांडली तर हिस्टिडीन, सेरीन, फेनिलॲलॅनीन, आयसोल्युसिन.

1964 मध्ये मार्गारीता सालास ही स्पॅनिश तरुणी पती एलादिओ विन्युएला यांच्यासह सेवेरो ओचोआ यांच्या न्यूयॉर्क विद्यापीठातील प्रयोगशाळेत आली. माद्रिदमध्ये आल्बेर्तो सोल्स यांच्याकडे तिने पीएच.डी. केली होती. ओचोआंनी पतिपत्नींना मुद्दाम दोन वेगवेगळ्या गटांत टाकले. यामुळे आपल्याकडे ‘विन्युएलाची बायको’ म्हणून न पाहता स्वतंत्र संशोधक म्हणून पाहिले गेले, असे सालास पुढे कृतज्ञतेने सांगत. मला ओचोआंचा हा निर्णय त्यांच्या 1959 च्या नोबेल पारितोषिकाइतकाच लक्षात राहण्याजोगा वाटतो.

सालास आणि सहकाऱ्यांनी निवडलेला संदेश दिसायला साधा होता: A ची रांग आणि 3′ टोकाला एकच C. तो मिळवण्याची युक्ती सुंदर आहे. भरपूर A आणि अगदी थोडे C असलेला आरएनए घ्यायचा आणि स्वादुपिंडातले रायबोन्युक्लिएज त्यावर सोडायचे. हे एन्झाइम C किंवा U च्या 3′ बाजूलाच कापते. म्हणून प्रत्येक तुकडा A…AAC असा, नेमक्या C वर संपतो. क्रम ठरवण्यासाठी एकेक अक्षर जोडत बसावे लागत नाही.

AAA हा लायसिनचा संकेत हे ठाऊक होते. AAC ॲस्परजिनचा. संकेतातल्या अक्षरांचा रासायनिक क्रम निरेनबर्ग आणि लेडर यांच्या 1964 च्या तीनअक्षरी तुकड्यांच्या पद्धतीने पडताळता येत होता. मग दोनच शक्यता उरतात. रायबोसोम 5′ कडून चालत असेल तर ॲस्परजिन शेवटी, कार्बोक्सिल टोकाला येईल. 3′ कडून चालत असेल तर ते पहिले, अमिनो टोकाला येईल. आपल्या घाईतल्या विद्यार्थ्याने अक्षरेच उलटवली म्हणून त्याला ॲस्परजिनऐवजी ग्लुटामिन मिळाले, पण वेगळे अमिनो आम्ल पहिल्या जागी ठेवण्याची चूक तीच.

मोठी अडचण न्युक्लिएजची होती. पेशींच्या अर्कात आरएनए खाणारी एन्झाइमे असतात, आणि इथे तर टोकाचे एकच अक्षर महत्त्वाचे. ते C गेले की उरते फक्त A ची रांग, आणि निकालात फक्त लायसिन दिसते. म्हणून त्यांनी ई. कोलायचे शुद्ध केलेले रायबोसोम घेतले, पण द्रवभाग लॅक्टोबॅसिलस अराबिनोससचा वापरला, ज्यात ही एन्झाइमे कमी असतात. या संदेशांत AUG नाही. तरी ते वाचले जातात, कारण परीक्षानळीत मॅग्नेशियमचे प्रमाण वाढवले की रायबोसोम सुरुवातीच्या संकेताशिवायही काम सुरू करतो. जिवंत पेशीत असे चालत नाही, आणि या प्रयोगाची ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. सुरुवात कुठे होते हे तो सांगत नाही, फक्त दिशा सांगतो.

तयार झालेल्या छोट्या साखळ्यांत लायसिन अमिनो टोकाला होते आणि ॲस्परजिन कार्बोक्सिल टोकाला. ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त 1965 साली आलेल्या निबंधावर सालास, स्मिथ, स्टॅन्ली, वाहबा आणि ओचोआ अशी नावे आहेत. पहिले नाव सालासचे. पुढच्याच वर्षी याच गटाने सुरुवात करून देणाऱ्या प्रथिन-घटकांवर निबंध लिहिला.

आपण योग्य साखळी योग्य दिशेने वाचतो आहोत का, हे कागदावर ओळखण्यासाठी AUG असलेले उदाहरण घेऊ:

```
कोडिंग     5'-ATG AAA AAC TAA-3'
टेम्प्लेट    3'-TAC TTT TTG ATT-5'
आरएनए    5'-AUG AAA AAC UAA-3'
```

निकाल मेथिओनिन–लायसिन–ॲस्परजिन आणि थांबा. कोडिंग साखळीलाच टेम्प्लेट समजून योग्य दिशेने आरएनए काढला तर UUA GUU UUU CAU मिळते. साखळी उलटायची विसरलात तर UAC UUU UUG AUU. दोन्हींत सुरुवातीला AUG नाही, शेवटी थांबण्याचा संकेत नाही. प्रश्नात पूर्ण जनुक दिले असेल तर ही खूण पुरेशी असते. मधलाच तुकडा दिला असेल तर ती उपयोगी नाही, मग टोकांचे आकडेच पाहावे लागतात. रेप्लिकेशन विचारले असेल तर नव्या साखळीत U दिसता कामा नये, आणि कोडिंग साखळीवरून तयार झालेली नवी साखळी 5′ कडून TTAGTTTTTCAT अशी लिहायची.

सालास 1967 मध्ये माद्रिदला परतल्या आणि फाय29 या छोट्या विषाणूमागे लागल्या. डीएनए पॉलिमरेज फक्त 3′ टोकाला अक्षर जोडू शकते, मग सरळ डीएनएच्या अगदी टोकापासून नक्कल सुरू कशी होते? फाय29 मध्ये एक प्रथिन पहिले अक्षर स्वतःवर धरून ही सुरुवात करून देते आणि नव्या साखळीच्या 5′ टोकाला कायमचे जोडलेले राहते. या विषाणूचे पॉलिमरेज आज डीएनएच्या अत्यल्प नमुन्यांच्या प्रती वाढवण्यासाठी जगभर वापरले जाते. सालास 7 नोव्हेंबर 2019 रोजी गेल्या.

आपल्या क्रमिक पुस्तकांत 5′ कडून 3′ कडे असा बाण असतो, पण सालास यांचे नाव आणि त्या AAC चा प्रयोग नसतो. बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सराव-परीक्षेत 5′-GTTTTTTTT-3′ ही टेम्प्लेट द्या, ग्लुटामिन–लायसिन–लायसिन हा एक पर्याय ठेवा, आणि तो ज्यांनी निवडला त्यांना चुकीची खूण करण्याआधी हा प्रयोग सांगा.