पत्र्यावरचा दगड

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात शिवार सपाट आणि झाडी विरळ. मृगाआधीचे वादळ आले की वाऱ्याला आडकाठी नसते. म्हणून इथल्या टिनाच्या गोठ्यांवर दगड ठेवलेले दिसतात. ते पुरतात का, याचा हा हिशेब.

वारा छपराला दाबतो, असे आपल्याला वाटते. कमी उताराच्या छपरावर तो बहुधा उलट वागतो. कडेवरून उसळताना तो वरून ओढ निर्माण करतो आणि मोठ्या दारातून आत शिरलेली हवा खालून रेटते. दोन्ही बळांची बेरीज होते.

वेग सेकंदाला ३९ मीटर धरू. भारतीय मानक ८७५, भाग ३ प्रमाणे वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो. तो येथे चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. वरची ओढ त्याच्या ०.९ पट, आतला रेटा ०.७ पट. एकूण सुमारे १५० किलो, पत्र्याचे वजन मात्र जेमतेम ५. वीस किलोचा दगड इथे काय करणार? उलट पत्रा उडाला की तो खालच्या माणसावर पडणार.

उरलेला १४५ किलोंचा भार स्क्रूवर येतो. पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे पर्लिन, १.२ मीटरवर आहेत. स्क्रू ३० सेंटिमीटरवर असला तर त्याच्या वाट्याला ५२ किलो येतात. एकाआड एक स्क्रू वाचवला, तर १०४. पर्लिनचा पत्रा १.२ मिलिमीटर जाड असेल, तर ५.५ मिलिमीटरचा स्क्रू सुरक्षितपणे साधारण ५९ किलोच धरतो. कडेला आणि कोपऱ्यात ओढ १.४ पट होते. तिथे ३० सेंटिमीटरचे अंतरही चालत नाही, २० हवे.

आता पर्लिन. चार मीटरच्या गाळ्यात तिच्यावर सुमारे ७०० किलोंची वरची ओढ येते. वरून पडणाऱ्या भारासाठी ती तपासलेली असते, पण तो भार याच्या निम्माच असतो. शिवाय वरची कड पत्र्याला स्क्रूने बांधलेली, खालची मोकळी. ओढ लागली की खालच्या कडेवर दाब येतो आणि ती बाजूला वळते. म्हणून गाळ्याच्या मध्यावर खालची कडही सळईने शेजारच्या पर्लिनशी जखडावी, आणि टोकांच्या बोल्टांना प्रत्येकी ३५० किलोंसाठी तपासावे.

वादळानंतर पर्लिनकडे पाहावे. स्क्रू तिथेच उभे असतील, तर पत्रा वॉशरभोवती फाटून सुटला. स्क्रू पत्र्यासोबत गेले असतील, तर पर्लिन पातळ होती. पहिल्या दोषाला मोठा वॉशर किंवा जाड पत्रा हवा, दुसऱ्याला जाड पर्लिन. स्क्रूची संख्या वाढवणे दोन्हींत उपयोगी पडते. दगड मात्र कशातच नाही.