हायफाँगच्या कारखान्याला चाकणहून पत्र

व्हिएतनामचा 2019 सालचा कामगार कायदा 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. त्याच्या 152 व्या कलमात परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याची एक अट आहे. व्यवस्थापक, कार्यकारी संचालक, तज्ज्ञ किंवा तांत्रिक कामगार या पदांसाठी, आणि तेही उत्पादनाची गरज भागवेल असा व्हिएतनामी माणूस मिळत नसेल तरच, कंपनीने बाहेरचा माणूस घ्यावा. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काम करणारा मराठी मेकॅनिकल इंजिनिअर जेव्हा हायफाँगजवळच्या एखाद्या कारखान्याला अर्ज करतो, तेव्हा त्याचं पत्र वाचणाऱ्या माणसापुढे हे कलम असतं. ‘हा चांगला आहे का?’ एवढाच प्रश्न त्याच्या मनात नसतो. ‘हाच का?’ असं सरकारी कचेरीने विचारलं तर काय सांगायचं, हेही त्याला त्या एका पानात शोधायचं असतं.

बहुतेक अर्ज इथेच फसतात. आपल्याकडे पाठवलं जाणारं ‘मी मेहनती आहे, संघभावनेने काम करतो, आपल्या नामांकित संस्थेत संधी द्यावी’ छापाचं पत्र व्हिएतनामी भाषेत उतरवलं, तरी या प्रश्नाला त्यात उत्तर नसतं.

एक नमुना घेऊ. इंजिनिअरने पुण्यात बी. ई. केलं आहे आणि सहा वर्षं पत्रा दाबून मोटारीचे भाग बनवणाऱ्या विभागात काढली आहेत. जागा आहे डाय देखभालीची. त्याच्या पत्राचा मुख्य परिच्छेद असा हवा: 400 टनी प्रेसवर डाय बदलायला 52 मिनिटं लागत होती. सगळ्या डायची उंची एकसारखी करून घेतली, जुन्या बोल्टऐवजी झटपट आवळणारे क्लॅम्प बसवले आणि पुढच्या डायची तयारी प्रेस चालू असतानाच बाहेर करायला सुरुवात केली. आता बदल 19 मिनिटांत होतो. दिवसाला चार बदल धरले तर 132 मिनिटं वाचतात. मिनिटाला 10 ठोके, म्हणजे रोज 1320 भाग जास्त.

या परिच्छेदाचं बळ त्याच्या हिशेबात आहे. कारखान्यातला माणूस कागदावरच गुणाकार करून बघतो. 33 गुणिले 4 गुणिले 10 जुळलं की मुलाखतीत तो पुढचा प्रश्न विचारतो: डायची उंची एक करताना प्लेट खाली जोडल्या की शू बदलले? हे काम ज्याने स्वतः केलं आहे त्याला उत्तर सापडतं. ज्याने केवळ अहवालात आपलं नाव घातलं आहे तो इथे अडकतो. पत्रात ‘उत्पादकता 40 टक्क्यांनी वाढवली’ एवढंच असेल तर विचारायलाच काही उरत नाही, आणि म्हणून बोलावणंही येत नाही. अर्थात, जुन्या कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकाचं नाव पत्रात घालू नये. इथे गुपित उघड करणारा माणूस तिथेही तेच करील, असं वाचणाऱ्याला वाटणं साहजिक आहे.

आकडे लिहिण्यात मात्र एक खरा धोका आहे. व्हिएतनाममध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. आपले 1320 भाग तिथे 1.320 असे दिसतात आणि 0.05 मिलिमीटरची मर्यादा 0,05 अशी लिहितात. आपल्या सवयीने कुणी पत्र्याची जाडी 1.200 मिलिमीटर लिहिली, तर तिथला वाचक ती बाराशे मिलिमीटर वाचू शकतो. आपले लाख आणि कोटी तिथे चालत नाहीत, रक्कम दशलक्षांत सांगतात.

लिपी रोमन असली तरी खुणांशिवाय ती भाषा लंगडी पडते. साध्या `d` चा उच्चार हायफाँगकडे ‘झ’ होतो, आडवी रेघ असलेला `đ` आपल्या ‘द’सारखा. प्रेसमध्ये पत्रा दाबण्याचा शब्द `dập`. रेघ चुकून पडली की तो `đập` होतो, म्हणजे बडवणं. डाय विभागासाठी अर्ज करणाऱ्याच्या पत्रात ही चूक पहिल्या ओळीतच डोळ्यांत भरते. टेलेक्स पद्धतीने टाइप करताना `đ` साठी `dd` दाबावं लागतं, तर ‘मेकॅनिकल इंजिनिअर’ साठी `kyx suw cow khis`. पत्र युनिकोडमध्येच असावं आणि पाठवण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उघडून बघावं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली अनेकदा खुणांचा कचरा होऊन उघडतात.

मायना सोपा आहे. ‘किन गुई’ म्हणजे सादर, आणि पुढे मनुष्यबळ विभागाचं किंवा संचालक मंडळाचं नाव. कंपनीला ‘क्वी कोंग ती’ म्हणायचं, स्वतःला ‘तोय’. नुकतेच शिकून बाहेर पडलेले व्हिएतनामी उमेदवार स्वतःला धाकटेपणाने ‘एम’ म्हणवतात, पण सहा वर्षं काम केलेल्या माणसाला ‘तोय’ शोभतं. देशाचं नाव आणि त्याखाली ‘स्वातंत्र्य, मुक्ती, सुख’ हे राष्ट्रीय ब्रीद लिहून सुरू होणारा जुना अर्ज, म्हणजे ‘दन सिन व्हिएक’, आजही दिसतो. खासगी कारखान्याला लिहिलेल्या पत्रात, म्हणजे ‘थु सिन व्हिएक’मध्ये, परदेशी माणसाने ते डोकं घालायची गरज नाही. भाषा किती येते तेही खरं सांगावं. परदेशी लोकांसाठी व्हिएतनामी भाषेच्या सहा अधिकृत पातळ्या आहेत. तिसरी पातळी असेल तर तिसरीच लिहावी, आणि पत्र कुणाकडून तपासून घेतलं असेल तर तेही न लपवता सांगावं.

नावांचा गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी आणि स्वतःचं नाव शेवटी येतं, आणि हाक नावानेच मारतात. न्गुयेन वान मिन्ह या गृहस्थांना ‘श्री. न्गुयेन’ लिहिलं तर चूक झालीच, शिवाय ज्या देशात सुमारे एक तृतीयांश लोक न्गुयेन आहेत तिथे कुणाला बोलावलं हेही कळणार नाही. उलट आपल्याकडे अनेक गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि पारपत्रावर क्रम वेगळा. परवान्याच्या वेळी दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत म्हणून फाइल अडू शकते. पत्रात नाव पारपत्रावर आहे तसंच लिहावं आणि ‘मला अमुक नावाने हाक मारतात’ अशी ओळ जोडावी.

आता शेवटचा परिच्छेद, जो बहुतेक जण वाया घालवतात. 7 ऑगस्ट 2025 पासून लागू असलेल्या 219 क्रमांकाच्या सरकारी आदेशानुसार तज्ज्ञ म्हणून कामाचा परवाना मिळायला साधारणपणे पदवी आणि त्या कामाला साजेसा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभव म्हणजे जुन्या मालकाने दिलेला दाखला. त्यावर ‘डेप्युटी मॅनेजर’ एवढंच छापलेलं असेल आणि पत्रात ‘डाय देखभाल तज्ज्ञ’ लिहिलं असेल, तर कंपनीला ती सांगड कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. म्हणून पत्र पाठवण्याआधीच जुन्या कंपनीकडून कामाचं स्वरूप आणि तारखा स्पष्ट लिहिलेला दाखला मागून घ्यावा. मग पत्राच्या शेवटी तीन गोष्टी सांगाव्यात: पदवी आणि अनुभवाचे दाखले प्रमाणित करून घ्यायला आपण तयार आहोत, कामाला कधी रुजू होता येईल, आणि किती वर्षं राहायचा विचार आहे. परवाना एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो आणि आणखी दोन वर्षांपर्यंत तो एकदाच वाढवता येतो.