गर्दी, घाम आणि सात लिटर पाणी

१९४० साली गन आणि गर्ड या ब्रिटिश संशोधकांना उंदरांच्या पिंजऱ्यात एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली. अ‍ॅम्फेटामिनची जी मात्रा एकट्या उंदराला सहज सोसते, तीच दाटीवाटीने कोंडलेल्या उंदरांचा जीव घेते. रसायन तेच, मात्रा तीच, वाढली ती फक्त गर्दी! एमडीएमए, म्हणजे पार्ट्यांत फिरणारी एक्स्टसीची गोळी, याच घराण्यातली. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत तिनेही हाच गुण दाखवला. त्याहून नवल म्हणजे, गार खोलीत ठेवलेल्या उंदराचं अंग या रसायनाने चक्क थंड पडतं आणि उबदार खोलीत ठेवलेल्याचं तापतं. म्हणजे गोळी किती घातक ठरेल, हे निम्मं ठरतं ते भोवतालच्या हवेवर.

आता ती हवा आपल्याकडची आहे असं समजा. रत्नागिरीत मे महिन्यात अंगातला शर्ट घामाने भिजतो आणि भिजलेलाच राहतो. आपल्याला वाटतं, घाम आला म्हणजे अंग गार होणार. पण घामाने गारवा येतो तो घाम वाळताना. एक लिटर घामाची वाफ होते तेव्हा ती शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तोच घाम हनुवटीवरून खाली टपकला, तर जवळजवळ काहीच नेत नाही. दमट किनाऱ्यावर, चारही बाजूंनी तापलेली माणसं खेटून नाचत असतील, तर घाम वाळणार कुठे?

अशा वेळी शरीराकडे दुसरा मार्ग असतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त कातडीपाशी येतं आणि उष्णता बाहेर टाकतं. एमडीएमए नेमकं इथेच आडवं येतं. ते मेंदूत सेरोटोनिनचा आणि शरीरात नॉरॲड्रेनलिनचा पूर सोडतं. नॉरॲड्रेनलिनमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उष्णता आत कोंडते. त्याच वेळी स्नायूंच्या पेशींत यूसीपी-३ नावाचं प्रथिन जागं होतं आणि अन्नातली ऊर्जा कामी न लावता नुसती उष्णता म्हणून उधळू लागतं. हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर एमडीएमए देऊनही फारसे तापत नाहीत, असं २००३ मध्ये दिसलं. उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून घरात चूल पेटवावी, तसा हा प्रकार! त्यात माणूस तासन् तास नाचतो, कारण थकव्याची जाणीवच बोथट झालेली असते.

म्हणूनच प्रयोगशाळेत शांत पडून असलेल्या स्वयंसेवकाचं तापमान बहुधा एका अंशाहूनही कमी वाढतं आणि नाचाच्या गर्दीत तेच ४० अंशांपलीकडे जाऊ शकतं. ४१-४२ अंशांना स्नायू विरघळू लागतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो, रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. हा ताप नव्हे, हेही लक्षात घ्या. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि पॅरासिटामॉल ते खाली आणतं. इथे मेंदूने तसं काही ठरवलेलंच नसतं, त्यामुळे ती गोळी निरुपयोगी.

मग उपाय काय? पाणी पी, असंच कोणीही म्हणेल. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्येही तसंच सांगितलं गेलं. आणि इथे गोष्ट विलक्षण वळण घेते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एका मुलीने आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत एक गोळी घेतली आणि पुढच्या दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायली. काही दिवसांनी ती दगावली. तिचा घात तापण्याने झाला नव्हता, मेंदूला आलेल्या सुजेने झाला होता. पण पाण्याने मेंदू सुजतो कसा?

एरवी निरोगी मूत्रपिंडं तासाला जवळपास लिटरभर जादा पाणी बाहेर टाकू शकतात. एमडीएमए मात्र मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडतं आणि त्याचा मूत्रपिंडांना एकच निरोप असतो: पाणी धरून ठेवा. १९९८ मध्ये लंडनच्या जॉन हेन्री आणि सहकाऱ्यांनी आठ निरोगी पुरुषांना अवघे ४० मिलिग्रॅम दिले, तरी त्यांच्या रक्तात व्हॅसोप्रेसिन वाढलं. आता कागदावर हिशेब करू. ५५ किलोंच्या तरुणीच्या शरीरात अंदाजे साडेसत्तावीस लिटर पाणी असतं आणि रक्तातलं सोडियम १४०च्या आसपास. लघवी बंद आणि वर तीन लिटर पाणी प्यायलं, तर सोडियम उतरून १२६. सात लिटर प्यायलं, तर ११२! १२०च्या खाली झटके येऊ शकतात. सोडियम घटलं की पाणी पेशींत शिरतं. इतर अवयवांना फुगायला जागा असते, कवटीत ती नसते. बायकांना हा धोका अधिक: नेदरलँड्समधल्या एका रेव्ह पार्टीत तपासलेल्या एमडीएमए घेतलेल्या बायकांपैकी साधारण एकचतुर्थांश जणींचं सोडियम उतरलेलं होतं, पुरुषांत ते प्रमाण ३ टक्के.

म्हणजे एकाच रसायनाने उष्णतेची वाट बंद केली आणि पाण्याचीही. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला बोलावतो.

वीस-तीस वर्षांच्या अनुभवातून आलेला हानी कमी करण्याचा सल्ला म्हणूनच इतका मोजूनमापून बोलतो. गोळी न घेणं सर्वांत सुरक्षित, हे तो आधी सांगतो. घेतलीच असेल, तर नाचताना तासाला जास्तीत जास्त अर्धा लिटर, तेही घोट घोट. बसून असाल तर त्याच्या निम्मं. ओआरएस चालेल, पण लिटरच्या लिटर ओआरएसही बुडवतं, कारण रक्तापेक्षा त्यात सोडियम कमीच असतं. दारू नको. अर्ध्या-पाऊण तासाने गर्दीतून बाहेर, मोकळ्या हवेत बसायचं. असर उशिरा जाणवतो म्हणून दुसरी गोळी तर मुळीच नको: एमडीएमए यकृतातलं आपलंच विघटन करणारं एन्झाइम बंद पाडतं, म्हणून दुप्पट मात्रेने रक्तातलं प्रमाण दुपटीहूनही जास्त वाढतं. शिवाय गोळीत नक्की काय आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या बातम्यांतलं 'एमडी' तर बहुतेकदा मेफेड्रोन हे निराळंच रसायन असतं.

रत्नागिरीची पोरं थर्टी फर्स्टला गोव्याला जातात, म्हणून हे जवळचं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये वागातोरच्या संगीत महोत्सवाच्या दिवसांत तीन तरुण दगावले, तेव्हाही अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा संशय बातम्यांत आला होता.

सोबतचा मित्र असंबद्ध बोलू लागला, तर? अंग भट्टीसारखं तापलेलं आणि स्नायू ताठर असतील, तर उष्णतेचा संशय घ्या. डोकेदुखी, उलट्या, गुंगी आणि आधी खूप पाणी प्यायल्याचं माहीत असेल, तर सोडियमचा. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा. तापलेल्याला गर्दीतून काढून कपडे सैल करा. आपल्या दमट हवेत नुसत्या पंख्याचा फार उपयोग नाही. थेट गार पाणी अंगावर ओता, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याला कुशीवर वळवा. आणि डॉक्टरांना काय घेतलं, किती पाणी प्यायलं, हे खरं सांगा. सोडियम उतरलेलं असेल तर ते शिरेतून ३ टक्के मिठाचं पाणी देतात, एका वेळी जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर, गरज पडली तर पुन्हा तेवढंच. सोडियम केवळ चार ते सहा अंकांनी चढलं, तरी मेंदूची सूज ओसरू लागते.