फोटोतला मासा ताजा की शिळा? डोळ्यांआधी कल्ले पाहा

रविवारी सकाळी विक्रेत्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, 'येलदरीचा ताजा रोहू'. परभणीत असा फोटो पाहून ऑर्डर देणाऱ्यांनी आधी काय तपासावे?

डोळे : ताज्या माशाचा डोळा फुगीर, पारदर्शक आणि बाहुली काळीभोर असते. मासा शिळा होऊ लागला की डोळा सपाट होतो, मग खोल जातो आणि दुधाळ दिसतो. मात्र बर्फाला टेकलेला डोळा ताज्या माशातही पांढुरका पडतो. त्यामुळे नुसता धूसर डोळा पाहून मासा नाकारू नका. धूसर आणि खोल गेलेला असेल, तर नको म्हणा.

कल्ले : खरा पुरावा इथे मिळतो. कल्ल्यांत रक्त भरपूर असते, म्हणून ताज्या माशात ते लालभडक दिसतात. वेळ जाईल तसे रक्तातले लाल द्रव्य बदलते आणि रंग तपकिरी, पुढे राखाडी होतो. वर चिकट, गढूळ थरही साचतो. मात्र वितळत्या बर्फाच्या पाण्यात रक्त धुऊन गेले, तर कल्ले फिकट गुलाबी होतात. फिकट म्हणजे शिळा असे नाही; तपकिरी दिसला तर सावध व्हा.

कातडी : चमक पाहून फसू नका. पाणी मारले की शिळा मासाही चमकतो. खवले घट्ट बसलेले आहेत का आणि पोट फुगलेले किंवा फुटलेले तर नाही ना, हे पाहा.

फोटो कुठे फसवतो?
लाल छत्रीखाली किंवा पिवळ्या बल्बखाली तपकिरी कल्लेही लालसर दिसतात. शिवाय मोबाइल स्वतःच रंग बदलतो. यावर सोपा उपाय आहे. कल्ल्यावरचे झाकण उचलून, माशाशेजारी पांढरा कागद ठेवून, उघड्या उजेडात फोटो काढायला सांगा. कागद गुलाबी किंवा पिवळा दिसला, तर कल्ल्यांच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

समजा, दोन फोटो आले. पहिल्यात डोळा किंचित धूसर पण फुगीर, कल्ले लाल, कागद पांढराशुभ्र. दुसऱ्यात मासा चकचकीत, पण कल्ले झाकलेले आणि वर लाल छत्री. पहिला मासा घेण्याजोगा वाटतो. दुसऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. नवा फोटो मागवा.

शेवटची परीक्षा हातात
वास आणि घट्टपणा फोटोत उतरत नाही. मासा कापण्याआधी बोटाने दाबा; खड्डा लगेच भरला पाहिजे. कल्ल्यांजवळ आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास आला, तर मासा परत करा. फोटोवरून वाईट मासा नाकारता येतो, पण चांगल्याची खात्री हातात घेतल्यावरच पटते.