डबक्यात उतरलेली माणसं

1994 साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि एका फोटोतला माणूस दुसऱ्यात बसवणं सोपं झालं. पाण्यातल्या प्रतिबिंबाची रीतही लवकरच ठरून गेली: कटआउटची प्रत काढायची, Flip Vertical करायची, पायाला पाय जोडायचे, ओपॅसिटी अर्ध्यावर आणायची आणि वर थोडा ब्लर. दुरून टिपलेल्या शांत तळ्याकाठी ती आजही खपून जाते. रस्त्यावरच्या डबक्यात मात्र उघडी पडते.

कारण पाणी फोटो उलटा करत नाही. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच खाली दुसरा कॅमेरा ठेवला तर त्याला जे दिसेल, ते प्रतिबिंब. कॅमेरा दीड मीटरवर, माणूस पाच मीटर दूर, मधलं डबकं कॅमेऱ्यापासून साडेतीन ते साडेचार मीटरवर, असं धरा. गणित मांडलं तर त्या डबक्यात फक्त साधारण 17 ते 64 सेंटिमीटर उंचीचा भाग दिसतो, म्हणजे घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. चप्पल दिसणारच नाही, कारण माणूस काठापासून अर्धा मीटर मागे आहे. डोकं दिसायला पाणी कॅमेऱ्यापासून 2.3 मीटरपर्यंत पुढे यायला हवं. त्या काळच्या कितीतरी पोस्टरांत वीतभर डबक्यात अख्खा माणूस मावलेला दिसतो, तो याच कारणाने खोटा वाटतो.

Displace फिल्टरने तरंग आले आणि प्रतिबिंब ओलं दिसू लागलं. पण उजेडाचा हिशेब तसाच राहिला. वरच्या उदाहरणात पाणी जेमतेम दहा ते पंधरा टक्के प्रकाश परतवतं आणि त्यात आधीच आकाश भरलेलं असतं. माणूस आला की तो त्या आकाशाला अडवतो. म्हणून पाय वरून Screen मोडने चढवायचे नसतात. आधी पायांच्या आकारापुरती आकाशाची चकाकी काढावी लागते. काळी पँट असेल तर तिथे कापडाऐवजी डबक्याचा तळ, खडी आणि चिखल दिसू लागतो. खरं डबकं ओळखायची मला सर्वांत भरवशाची वाटणारी खूण हीच.

थ्रीडी सॉफ्टवेअर हाताशी आल्यावर जागेचा प्रश्न मिटला. कटआउट उभा करायचा, डबक्याच्या जागी आरसा धरायचा, की कुठला भाग कुठे पडेल ते आपोआप निघतं. पण कटआउट सपाट. हनुवटीची खालची बाजू, छत्रीचं आतलं कापड, कुर्त्याच्या घेराखालचा अंधार त्यात नसतोच, आणि मोठं डबकं जवळून दाखवायचं तर नेमकं तेच हवं असतं. म्हणून चांगले लोक अजूनही शूटिंगच्या वेळीच दुसरा फोटो काढून ठेवतात: माणूस उंच, भक्कम चौथऱ्यावर, लेन्स जमिनीलगत, अंतर आणि उजेडाची दिशा पहिल्या फोटोसारखीच. चौथरा लेन्सच्या मूळ उंचीइतका असेल तर उत्तमच. कमी असला, तरी हनुवटी खालून दिसते.