बरणीखालची चकाकती फरशी

काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर काचेची बरणी ठेवा आणि वाकून, डोळे ओट्याच्या थोडेच वर ठेवून तिच्याकडे पाहा. बरणी दगडाला टेकते तिथे तिचे प्रतिबिंब लख्ख दिसते. नजर तिथून खाली सरकते तसतसे ते धूसर होत जाते आणि झाकणाचे प्रतिबिंब तर शोधावेच लागते. आता सरळ उभे राहून पाहा. मघाचे प्रतिबिंब बरेचसे विरून गेलेले असेल.

ऑनलाइन विक्रीच्या चित्रांत आणि जाहिरातींत दिसणारी ही चकाकती फरशी पुष्कळदा नंतर संगणकावर केलेली असते. फोटो घरातल्या टेबलावर काढायचा, वस्तू कापून घ्यायची, मागे नवी पार्श्वभूमी लावायची आणि खाली प्रतिबिंब रंगवायचे. कृती दोन ओळींत सांगता येते: वस्तूची प्रत काढा, उलटी करून खाली जोडा, खालचा भाग पुसट करा. पण एवढेच केलेली चित्रे बहुतेक वेळा खोटी वाटतात, आणि ती का खोटी वाटतात याचे उत्तर त्या ओट्यावरच मिळते.

प्रतिबिंब विरते त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे फरशी कितीही घासली तरी ती आरसा होत नाही. तिच्यावरच्या बारीक खडबडीतपणामुळे प्रकाश थोडा विखुरतो. वस्तूचा जो भाग फरशीला टेकलेला असतो त्याच्या प्रकाशाला विखुरायला अंतरच मिळत नाही, म्हणून तिथली कड स्वच्छ राहते. भाग जितका उंचावर, तितका त्याचा प्रकाश पसरतो आणि प्रतिबिंब धुरकटते. दुसरे कारण नजरेच्या कोनाचे. काचेसारखा चकचकीत पृष्ठभाग सरळ वरून पाहिला तर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत पाठवतो. नजर पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास, १५ अंशांना पाव हिस्सा आणि १० अंशांना जवळजवळ ४० टक्के. बरणीच्या वरच्या भागाचे प्रतिबिंब फरशीवर आपल्या जास्त जवळ पडते. तिथे आपण अधिक वरून पाहत असतो, त्यामुळे ते आणखी फिके दिसते.

यातून एक व्यवहारी गोष्ट हाती लागते. प्रतिबिंब किती गडद ठेवायचे हे मनाला येईल तसे ठरवायचे नाही, कॅमेरा कुठे होता ते आठवायचे. कॅमेरा जवळजवळ फरशीच्या पातळीवर असेल तर टेकल्या जागी ३५ ते ४० टक्के अपारदर्शकता शोभते. तो ३० अंश वर असेल तर १० टक्केही पुष्कळ. हे आकडे गडद फरशीचे. पांढऱ्या फरशीचा स्वतःचा उजेडच इतका असतो की प्रतिबिंब त्यात बुडते, म्हणून तिथे आणखी हात आखडता घ्यावा.

आता बरणीचेच उदाहरण करून पाहू. समजा, चित्रात लोणच्याची बरणी १००० पिक्सेल उंच आहे, कॅमेरा तिच्यापेक्षा थोडा वर होता आणि नवी पार्श्वभूमी गडद राखाडी आहे. आधी कापलेल्या बरणीची कड मोठी करून तपासा. जुन्या पार्श्वभूमीची पांढरी किनार राहिली असेल तर ती प्रतिबिंबातही उतरेल, म्हणजे चूक दोनदा दिसेल. मग फोटोशॉपमध्ये थराची प्रत काढून Edit > Transform > Flip Vertical वापरा. फुकटच्या गिंपमध्येही हीच सोय आहे. इथे पुष्कळ जण प्रत १८० अंशांत फिरवतात. त्यामुळे डावीकडची चमक उजवीकडे जाते आणि लेबलही चुकते. ओळखण्याची खूण सोपी आहे: खऱ्या प्रतिबिंबात लेबलावरची शिरोरेषा अक्षरांच्या खाली येते, पण शब्द डावीकडून उजवीकडेच धावतात.

प्रत खाली सरकवून जोडली की खरी अडचण समोर येते. बरणी थोडी वरून टिपलेली असल्याने तिच्या बुडाची कड सरळ नसते, मध्ये खाली झुकलेली असते. मधला बिंदू कडांपेक्षा ३० पिक्सेल खाली आहे असे धरू. उलट्या प्रतीत हीच कड वर फुगते. दोघी मध्यभागी टेकतात आणि दोन्ही बाजूंना ६० पिक्सेलची फट उरते. बरणी हवेत तरंगल्यासारखी दिसते ती यामुळे. उपाय म्हणजे Edit > Transform > Warp घेऊन उलट्या प्रतीच्या दोन्ही बाजू तेवढ्याच वर ओढायच्या, म्हणजे तिची वरची कड मूळ बुडाच्या कमानीवर नेमकी बसते. लेबलाची कडही त्याबरोबर खाली झुकते, आणि प्रत्यक्षात ती तशीच दिसली असती. कोपरा पुढे असलेल्या खोक्याचे प्रतिबिंब एका तुकड्यात जुळतच नाही. दिसणाऱ्या दोन्ही बाजू वेगळ्या कापून, उलटवून, प्रत्येकीला तिच्या खालच्या कडेच्या तिरपेपणाप्रमाणे कलवावे लागते.

त्यानंतर विरणे. प्रतीला मास्क लावा आणि त्यावर पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट ओढा: सुरुवात टेकल्या रेषेवर, शेवट ३५० ते ४०० पिक्सेल खाली. प्रतिबिंब चित्राच्या कडेच्या बरेच आधी पूर्ण संपायला हवे, नाहीतर तळाशी कापल्यासारखी रेष उरते. सरळ, एकसारखा उतार शेवटी अचानक तुटल्यासारखा वाटत असेल तर मास्कवरच Curves उघडून त्याचा खालचा भाग आणखी दाबा. झाकण इतक्या खाली येतच नाही, हा या मापाचा आणखी एक फायदा. वरून टिपलेल्या फोटोत झाकणाचा माथा दिसतो, पण फरशी वस्तूकडे खालून पाहत असते, म्हणून प्रतिबिंबात तो माथा कधीच दिसू शकत नाही. उलटवलेल्या चित्रातली ही चूक विरण्यात झाकली जाते.

धूसरपणा मात्र फक्त मास्कने येत नाही, आणि बहुतेक जण थांबतात ते इथेच. प्रतीची आणखी एक प्रत घेऊन तिला ८ ते १० पिक्सेलचा Gaussian Blur द्या. तिच्या मास्कचा उतार उलटा ठेवा आणि दोन्ही प्रतींचा गट करून विरण्याचा तोच ग्रेडियंट गटाच्या मास्कलाही द्या, म्हणजे टेकल्या जागी स्वच्छ प्रत, खाली धूसर प्रत दिसेल आणि दोन्ही मिळून विरतील. संपूर्ण प्रतिबिंबाला सारखाच धूसरपणा दिला तर बुडाजवळची कडही मऊ पडते आणि बरणी पुन्हा तरंगू लागते. शेवटी बुडाच्या कमानीलगत तीनचार पिक्सेलची काळपट रेघ काढून किंचित मऊ करा. प्रतिबिंब म्हणजे सावली नव्हे. वस्तूचे वजन फरशीवर पडले आहे असे या बारीक रेघेमुळेच वाटते.

पार्श्वभूमीलाही हाच नियम लागू आहे. मागच्या भिंतीवर दिवा किंवा उजेडाचा पट्टा असेल आणि फरशी बरणी दाखवत असेल, तर तिने तो उजेडही दाखवायला हवा. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवरून भिंतीचा थर उलटवून, चांगला धूसर करून खाली टाका. हा थर गाळला तर फक्त बरणीपुरती फरशी चकाकते आणि कोणालाही शंका येते.

माझ्या मते ही सजावट काच, स्टील, चिनीमाती अशा गुळगुळीत वस्तूंनाच शोभते. गोधडी किंवा मातीचे मडके अशा फरशीवर ठेवले की ते परके दिसते. आणि विक्रीसाठी हे करत असाल तर एक लक्षात ठेवा: अ‍ॅमेझॉनच्या यादीतल्या मुख्य छायाचित्राला निखळ पांढरी पार्श्वभूमी लागते. गडद फरशीवरचे हे चित्र पुढच्या छायाचित्रांसाठी किंवा स्वतःच्या पत्रकासाठी ठेवा.