बिबची मागची बाजू

रनिंग क्लबच्या धर्मादाय दहा किलोमीटर धावेची सूचना आली, की बहुतेक जण शुल्क आणि टी-शर्ट तेवढं पाहतात. टायमिंग चिप, पाणी, रुग्णवाहिका यांचा खर्च वजा जाऊन उरेल ते देणगीला जातं. म्हणून ‘५०० रुपयांपैकी २०० संस्थेला’ असं स्पष्ट छापलेलं बरं. मार्ग पाच किलोमीटर जाऊन परत असेल, तर परतणाऱ्यांची बाजू मोकळी ठेवा.

बिब आदल्या दिवशी ओळखपत्र दाखवूनच मिळतो. जाच वाटतो खरा. पण त्याच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेला असतो. मित्राचा बिब लावून धावणारा कोसळला, तर फोन भलत्याच घरी जातो. तेव्हा बिब कुणाला देऊ नका. चक्कर आली किंवा उन्हात अंगावर शहारे आले, तर लगेच थांबून स्वयंसेवकाला हाक मारा.